लवकरात लवकर म्हणजे कधी?

आपल्या मंडळाचा व्हॉट्सअॅप ग्रुप उघडा आणि वर जाऊन जुने मेसेज वाचा. कविता लवकरात लवकर पाठवा. मुखपृष्ठाचं चित्र जमेल तितक्या लवकर द्या. प्रुफं अर्जंट हवीत. सूत्रसंचालनाचा मजकूर आज-उद्यात होईल का? मी मोजदाद केलेली नाही, पण असा एकही आठवडा सापडणार नाही ज्यात कुणी कुणाला ‘लवकरात लवकर’ म्हटलेलं नाही. बुऱ्हाणपुरात तर आपल्याकडे याला हिंदीचीही जोड असते. घरी मराठी, बाजारात हिंदी, त्यामुळे ‘जल्द से जल्द’ आणि ‘यथाशीघ्र’ हेही आपलेच. इंग्रजीतून आलेलं ‘ए-एस-ए-पी’ आता पहिल्या वर्षाची मुलंसुद्धा लिहितात.

हे सगळे शब्द दिसायला घाईचे आहेत. प्रत्यक्षात त्यांच्यात वेळ कुठेच नाही. सांगणाऱ्याच्या डोक्यात ‘परवा सकाळपर्यंत’ असतं, ऐकणाऱ्याच्या डोक्यात ‘परीक्षा झाली की’ असतं, आणि दोघांनाही वाटतं की आपलं बोलणं झालं.

शिंप्याच्या घरात वाढलेल्या मुलीला हे जरा आधी कळतं. माझी आई शिलाईकाम करते. लग्नसराईत आमच्या ओट्यावर कापडाच्या पिशव्यांची रांग लागते आणि येणारी प्रत्येक बाई एकच वाक्य म्हणते, “ताई, जरा लवकर द्या हं.” आई त्यावर हो-नाही काहीच म्हणत नाही. ती विचारते, “घालायचं कधी आहे?” मग बाई सांगते की हळद अमुक तारखेला, लग्न तमुक तारखेला, पण गावाला त्याच्या आदल्या दिवशी निघायचंय. आई मनात हिशोब करते. निघायच्या आदल्या दिवशी कपडा हातात पाहिजे. त्याच्या दोन दिवस आधी ट्रायल पाहिजे, कारण बाहीत किंवा गळ्यात काही सैल-घट्ट निघालं तर उसवून परत घालायला एक दिवस लागतो. मग ती चिठ्ठीवर दोन तारखा लिहिते, ट्रायलची आणि न्यायची, पुढे ‘सं. ६ नंतर’ असं लिहिते, आणि ती चिठ्ठी टाचणीने कापडाला लावते. चर्चमध्ये पहिल्या कम्युनियनचे पांढरे फ्रॉक शिवायचे असतात तेव्हाही हेच. विधीचा रविवार ठरलेला असतो, तिथून ती मागे मोजत येते.

मला यातला महत्त्वाचा भाग हा वाटतो की आई तारीख हवेतून काढत नाही. ‘घालायचं कधी आहे?’ या प्रश्नातून ती निघते. ज्या बाईला प्रसंगच नाही, सहज शिवून घ्यायचंय, तिलाही ती तारीख देते, पण लग्नसराई संपल्यानंतरची. आणि ती बाईही खूश असते. तिला घाई नव्हतीच, सवयीने ‘लवकर’ म्हणाली होती.

आता हेच काम सरकारी पातळीवर कसं झालं ते बघा, कारण ते आपल्याच राज्यात आधी झालं. मध्य प्रदेशाने २०१० मध्ये ‘लोक सेवाओं के प्रदान की गारंटी अधिनियम’ नावाचा कायदा केला. असा कायदा करणारं हे देशातलं पहिलं राज्य. त्यानंतर बिहारने २०११ मध्ये केला, महाराष्ट्रात लोकसेवा हक्काचा कायदा यायला २०१५ उजाडलं. कायद्याची कल्पना अगदी साधी आहे. दाखले, नोंदी, जोडण्या अशा सेवांची यादी सरकार जाहीर करतं. प्रत्येक सेवेसमोर तीन गोष्टी लिहिलेल्या असतात : काम कोणत्या अधिकाऱ्याने करायचं, किती दिवसांत करायचं, आणि नाही झालं तर दाद कोणाकडे मागायची.

मी चुलतभावाच्या दाखल्यासाठी लोकसेवा केंद्रात गेले होते तेव्हा ही गोष्ट पहिल्यांदा हातात घेऊन पाहिली. अर्ज दिल्यावर पावती मिळाली, आणि पावतीवर ‘यथाशीघ्र’ नव्हतं, तारीख होती. घरी आल्यावर मी ती पावती आईच्या चिठ्ठ्यांशेजारी ठेवली. दोन्ही एकाच जातीच्या दिसल्या.

या कायद्यातली एक बारीक गोष्ट मला फार आवडते. मुदतीची मोजणी कधीपासून सुरू होते हे त्यात सांगितलेलं आहे. आवश्यक कागदांसह अर्ज दिला, त्या दिवसापासून. म्हणजे एखादा कागद कमी असेल तर घड्याळ सुरूच होत नाही. मागणारा आणि करणारा, दोघांचीही बाजू इथे बांधलेली आहे. तू पूर्ण सामान दे, मी पूर्ण तारीख देतो. आईसुद्धा अस्तराचं कापड आणून दिल्याशिवाय चिठ्ठीवर तारीख लिहीत नाही.

दुसरी गोष्ट दादेची. दिलेल्या दिवसांत काम झालं नाही तर मुदत संपल्यापासून तीस दिवसांच्या आत पहिलं अपील करता येतं. विनाकारण उशीर करणाऱ्याला दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त ५,००० रुपये दंड होऊ शकतो. दंडाचा आकडा मोठा नाही. पण हे सगळं कशावर उभं आहे ते पाहा. ‘मुदत संपल्यापासून’. मुदतच नसती तर ती संपली कधी हे कोण सांगणार? ‘लवकरात लवकर देऊ’ असं उत्तर असेल तर दहाव्या दिवशीही ते खरं असतं आणि शंभराव्या दिवशीही. उशीर झाला असं म्हणता येईल असा दिवस त्यात कधीच उगवत नाही.

हाच फरक आपल्या राज्यघटनेत एकाच पुस्तकात दोन ठिकाणी बघायला मिळतो. अनुच्छेद २२ मध्ये अटक झालेल्या माणसाला दंडाधिकाऱ्यासमोर उभं करायला चोवीस तासांची मुदत आहे. वर हेही लिहिलंय की अटकेच्या जागेपासून न्यायालयापर्यंतच्या प्रवासाला लागणारा वेळ त्या चोवीस तासांत धरायचा नाही. कधीपासून मोजायचं, कुठपर्यंत मोजायचं आणि काय वगळायचं, सगळं स्पष्ट. म्हणून अटक झालेल्याच्या घरच्यांना पंचविसाव्या तासाला विचारता येतं.

आता अनुच्छेद २००. विधानसभेने मंजूर केलेलं विधेयक राज्यपालांना फेरविचारासाठी परत पाठवायचं असेल तर ते ‘शक्य तितक्या लवकर’ पाठवावं अशा अर्थाचे शब्द तिथे आहेत. दिवस दिलेले नाहीत. तमिळनाडूची काही विधेयकं दीर्घकाळ अडकली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. ८ एप्रिल २०२५ रोजी दोन न्यायमूर्तींच्या पीठाने महिन्यांत मोजलेल्या मुदती घालून दिल्या. त्यावर राष्ट्रपतींनी न्यायालयाचं मत मागवलं, आणि २० नोव्हेंबर २०२५ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सांगितलं की घटनेत जी कालमर्यादा नाही ती न्यायालय घालू शकत नाही. कोण बरोबर, कोण चूक हा राज्यशास्त्राच्या वर्गाचा विषय. मला इथे एवढंच दिसतं की ‘शक्य तितक्या लवकर’ या शब्दांचा अर्थ लावायला देशातल्या सर्वांत मोठ्या न्यायालयाला इतका वेळ खर्चावा लागला. मग पहिल्या वर्षाच्या मुलीने आपल्या मेसेजमधून तो अर्थ एकटीने कसा काढायचा?

आता आपल्या कामाकडे येते. २७ फेब्रुवारीच्या मराठी भाषा गौरव दिनाच्या विशेषांकासाठी या वर्षी सगळ्यांना मागणीचे मेसेज लिहिण्याचं काम माझ्याकडे होतं. मी मेसेज लिहायच्या आधी आईसारखं मागे मोजलं. ते कसं, हे सविस्तर सांगते, कारण पुढच्या वर्षी हे काम तुमच्यापैकी कुणाकडे तरी येणार आहे.

अंक शुक्रवारी २७ फेब्रुवारी २०२६ ला सकाळी ११ वाजता कार्यक्रमात प्रकाशित व्हायचा होता. ही आमची ‘घालायची’ तारीख. ही हलत नाही. त्याआधी मॅडमनी अंतिम पीडीएफ पाहून होकार द्यायला हवा. त्यांचे तास दुपारी ४ पर्यंत असतात, म्हणून होकारासाठी गुरुवार २६, संध्याकाळी ५ ही वेळ धरली. त्यांना निवांत पाहायला एक पूर्ण दिवस तरी मिळावा, म्हणून पीडीएफ त्यांच्याकडे बुधवारी २५ ला दुपारी १ ला जायला हवी. मांडणी करणारा मित्र संध्याकाळीच मोकळा असतो आणि त्याला दोन संध्याकाळी लागतात, सोमवार २३ आणि मंगळवार २४. म्हणजे तपासलेला मजकूर त्याला सोमवारी दुपारी ४ पर्यंत हवा. प्रुफं पाहणाऱ्या दोघींनी तीन दिवस मागितले होते, शुक्रवार २० ते रविवार २२.

इथपर्यंत सरळ होतं. मग मी भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. गुरुवार १९ ला शिवजयंती, म्हणजे अर्धा ग्रुप मिरवणुकीत. बुधवार १८ ला राखेचा बुधवार, आम्हा ख्रिस्ती मुलांची संध्याकाळ चर्चमध्ये. रविवार १५ ला महाशिवरात्र. म्हणजे लेखांची निवड करायला सोमवार १६ आणि मंगळवार १७ हेच दोन दिवस उरले. सोमवारी सकाळी ११ ला बैठक ठरवली. आणि लेख पाठवायची शेवटची वेळ, जी माझ्या पहिल्या अंदाजात रविवारी १५ ला रात्री होती, ती शनिवारी १४ ला रात्री ८ वर आणली. उपवासाच्या आणि दर्शनाच्या दिवशी कुणाला लेख संपवायला लावण्यात अर्थ नाही.

एवढं झाल्यावर मेसेज लिहिला. आपल्या एका माजी विद्यार्थ्याला, जे आता नोकरी करतात, तो असा गेला :

“नमस्कार दादा. २७ फेब्रुवारीच्या विशेषांकासाठी तुमचा साधारण ८०० शब्दांचा लेख हवा आहे. शनिवार १४ फेब्रुवारी, रात्री ८ पर्यंत माझ्या ईमेलवर मिळावा. सोमवारी १६ ला सकाळी ११ ला निवडीची बैठक आहे आणि रविवारी मला सगळे लेख एका फाइलीत लावायचे आहेत. जमेल की नाही एवढंच बुधवार ४ फेब्रुवारी, संध्याकाळी ६ पर्यंत कळवा. ही तारीख अडचणीची असेल तर तुम्हाला जमणारी तारीख सांगा.”

यातला वार मुद्दाम लिहिला आहे. नुसती तारीख लिहिली आणि बोट घसरून १४ चं १५ झालं तर कुणाच्या लक्षात येत नाही. वार सोबत असला की ‘शनिवार १५’ वाचून समोरचा लगेच विचारतो, शनिवारी तर १४ आहे ना? वार आणि तारीख एकमेकांची साक्ष देतात.

वेळ लिहिली, कारण ‘शनिवारपर्यंत’ म्हणजे काहींच्या मते शनिवार उजाडायच्या आत आणि काहींच्या मते शनिवार मावळल्यावरही चालतं. वेळ कुठली लिहायची, तर ते काम पुढे कुणाच्या हातात कधी जाणार आहे त्यावरून. मी रविवारी सकाळी बसणार होते, म्हणून शनिवारी रात्री ८ पुरेसे होते. उगीच दुपारी १२ लिहिलं असतं तर दादांचा सुट्टीचा दिवस वाया गेला असता आणि लेख माझ्याकडे संध्याकाळभर नुसता पडून राहिला असता.

कारण लिहिलं, कारण कारण नसलेली तारीख हुकूम वाटते. कारण कळलं की समोरच्यालाही डोकं लावता येतं. दादांनी उत्तर दिलं की शनिवारी ते प्रवासात आहेत, रविवारी सकाळी ९ ला पाठवला तर चालेल का? मला रविवारी फाइल लावायची आहे हे त्यांना माहीत होतं म्हणून त्यांनी नेमका तेवढाच वेळ मागितला. मी हो म्हटलं.

आणि दोन तारखा दिल्या, एक कामाची आणि एक होकाराची. ही दुसरी सगळ्यांत उपयोगी. लेख येणार नाही हे १४ तारखेला रात्री कळण्यापेक्षा ४ तारखेला कळलं तर दुसऱ्या कुणाला विचारायला दहा दिवस हातात राहतात. आणि ‘जमेल की नाही’ हे कळवायला कुणालाच जड जात नाही.

आता भाषेबद्दल थोडं, आपण शेवटी साहित्य मंडळ आहोत. मराठीत ‘परवा’ हा शब्द होऊन गेलेल्या दिवसालाही चालतो आणि येणाऱ्या दिवसालाही. हिंदीतला ‘कल’ तर कालही आहे आणि उद्याही. दोन भाषांमध्ये ये-जा करणाऱ्या आपल्या गावात “परवा दिलं होतं ना?” आणि “परवा देते ना” यांच्यामध्ये फक्त क्रियापद उभं असतं, आणि फोनवर नेमकं तेच तुटतं. ‘पुढच्या शुक्रवारी’ हेही तसंच. सोमवारी बोलताना काहींचा पुढचा शुक्रवार चार दिवसांवर असतो, काहींचा अकरा दिवसांवर. ‘येत्या शुक्रवारी’ त्यातल्या त्यात बरं, पण ‘शुक्रवार २०’ असं म्हटलं की वादच संपतो.

सर्वांत फसवी वेळ म्हणजे रात्रीचे १२. नाताळची मध्यरात्रीची मिस्सा आमच्याकडे सगळे ‘२४ च्या रात्री’ म्हणतात, आणि ते सगळ्यांना कळतं कारण लहानपणापासून सवय आहे. पण मेसेजमध्ये ‘१४ तारखेला रात्री १२ पर्यंत’ लिहिलं तर तो १४ सुरू होतानाचा बाराचा ठोका की संपतानाचा? रेल्वेचं तिकीट काढणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक असतं. गाडीची वेळ ००.२० आणि तारीख १५ असेल तर स्टेशनवर १४ च्या रात्रीच पोचावं लागतं. आपल्या मेसेजमध्ये बारा वाजवूच नयेत. रात्री ८ लिहावं, नाहीतर ११.५९ लिहावं.

माणसांचा प्रश्न याहून नाजूक आहे. बरोबरीच्या मित्राला ‘शनिवारी ८ पर्यंत’ लिहिता येतं. मॅडमना किंवा सरांना तसं लिहायला हात धजत नाही. मोठ्यांना तारीख सांगायची म्हणजे आगाऊपणा, असं आपल्या घरांतून शिकवलेलं असतं, आणि म्हणूनच आपण ‘आपल्या सोयीने पाहावे’ असं लिहून मोकळे होतो. मोठी माणसं मग खरोखर आपल्या सोयीने पाहतात, आणि आपण कॉरिडॉरमध्ये त्यांच्या चेहऱ्याकडे बघत फिरतो. आदर ठेवून तारीख सांगायचा मार्ग मराठीत आहे. मी मॅडमना लिहिलं, “मॅडम, बुधवारी २५ ला दुपारी १ ला पीडीएफ आपल्याकडे येईल. गुरुवारी २६ ला संध्याकाळी ५ पर्यंत आपण पाहून कळवू शकाल का? आपले तास ४ ला संपतात म्हणून ही वेळ सुचवली आहे.” आधी माझ्यावरचं बंधन आलं, मग त्यांना प्रश्न, आणि शेवटी त्यांच्या दिवसाचा विचार. मॅडमनी ‘चालेल’ एवढंच उत्तर दिलं आणि गुरुवारी साडेचारला दोन दुरुस्त्या पाठवल्या.

‘लवकरात लवकर’चा खरा भार मात्र मोठ्यांवर पडत नाही, लहानांवर पडतो. ज्येष्ठ लेखकाला तसं लिहिलं तर तो ते वाचून बाजूला ठेवतो. मुखपृष्ठ काढणाऱ्या पहिल्या वर्षाच्या मुलीला तसं लिहिलं तर ती रात्रभर जागते. तिला नाही म्हणायची भीती वाटते आणि किती लवकर हे विचारायचीही भीती वाटते. तिचं चित्र मला सोमवारी २३ ला दुपारी ४ पर्यंत हवं होतं. मेसेज गेला त्या दिवशी तिच्याकडे तीन आठवडे होते. हे तीन आठवडे तिचे आहेत. तारीख न सांगणं म्हणजे ते तिच्यापासून लपवणं. तारीख कळल्यावर तिने विचारलं, “ताई, मधे माझी युनिट टेस्ट आहे, ती झाल्यावर सुरू केलं तर चालेल ना?” चालणारच होतं. ‘लवकरात लवकर’च्या मेसेजला हा प्रश्न कुणी विचारू शकत नाही. आणि ज्याला तारीख आहे त्यालाच वेळेवर होण्याचं समाधान मिळतं. ‘लवकरात लवकर’ला कुणीच वेळेवर पोचत नाही, कितीही पळालं तरी.

तारखेचा दुरुपयोगही होतो, तोही सांगायला हवा. काही जण हुशारी म्हणून खोटी तारीख देतात. हवं असतं १४ ला, सांगतात १० ला. पहिल्यांदा ते चालून जातं. मग लोकांना कळतं की यांचा १० म्हणजे १४, आणि पुढच्या वेळी ते आपण होऊन चार दिवस मिळवतात. तेव्हा खरी तारीख सांगितली तरी कुणी मानत नाही. हाताशी जास्तीचे दिवस हवेत हे खरं, पण ते उघड ठेवावेत. आमच्या मेसेजच्या शेवटी एक ओळ सगळ्यांसाठी होती : सोमवार १६, सकाळी ११ नंतर आलेला लेख पुढच्या अंकासाठी धरला जाईल. शनिवारी मागणी, सोमवारी दार बंद. दोन्ही तारखा खऱ्या, आणि दोन्ही सगळ्यांना दिसणाऱ्या.

कधी कधी तारीख आपल्यालाच माहीत नसते. पाहुणे येणार की नाही हे ठरलेलं नसतं, हॉल मिळाला की नाही हे कळलेलं नसतं. तेव्हाही ‘लवकरच कळवते’ लिहायची गरज नाही. तारीख कधी कळेल त्याची तारीख देता येते. सूत्रसंचालकाला मी लिहिलं होतं, “पाहुण्यांचं नक्की झालं नाही. सोमवार ९ फेब्रुवारी, संध्याकाळी ७ ला मी तुला काय ते सांगते, झालं असलं तरी आणि नसलं तरी.” सोमवारी सातला मी त्याला ‘अजून नाही, गुरुवारी १२ ला सांगते’ एवढंच सांगितलं. त्याने तीन दिवस एकदाही विचारलं नाही. विचारायचं कारणच नव्हतं.

आणि खरोखर आग लागली असेल तर? कार्यक्रम तासाभरावर आहे आणि माईक बंद पडलाय, तर मेसेज टाइप करत बसू नये, फोन करावा. पण तिथेही ‘लगेच ये’ म्हणण्यापेक्षा “आता दहा वाजलेत, अकराला सुरू आहे, साडेदहापर्यंत पोचशील का?” म्हटलं तर समोरच्याला ठरवता येतं की सायकल काढायची की रिक्षा.

तारीख लिहिल्याने कामं आपोआप होत नाहीत. आमच्या अंकात दोन लेख होकार देऊनही आले नाहीत. पण शनिवारी रात्री ८ वाजून गेल्यावर मला माहीत होतं की ते आलेले नाहीत, आणि रविवारी सकाळी फोन करताना मी मागे लागतेय असं मलाही वाटलं नाही आणि त्यांनाही नाही. एकाने सरळ सांगितलं, होत नाहीये. दुसऱ्याने सोमवारी पावणेअकराला पाठवला, तो बैठकीत वाचला गेला. अंकाच्या पान नऊवर तोच लेख आहे.

पुढच्या अंकाची घालायची तारीख अजून ठरलेली नाही. ती ज्या दिवशी ठरेल त्या दिवशी संध्याकाळी ६ ला ग्रुपवर येईल, आणि मागचं सगळं तिथून मोजू.